११ मिनिटांत २७५ अलार्म: कंट्रोल रूममधला 'अलार्म फ्लड' म्हणजे काय आणि तो कसा थांबवतात?

तारीख २४ जुलै १९९४, वार रविवार. ठिकाण ब्रिटनमधल्या वेल्सच्या किनाऱ्यावरचं मिलफर्ड हेवन. तिथल्या टेक्साको रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये दोन ऑपरेटर पडद्यासमोर बसले होते. दुपारचा एक वाजून गेला होता आणि समोर अलार्मची रांग थांबायलाच तयार नव्हती. एक वाजला की तो बघायचा, बटण दाबून 'पाहिला' अशी नोंद करायची, तेवढ्यात पुढचा हजर.

१ वाजून २३ मिनिटांनी मोठा स्फोट झाला.

नंतरच्या चौकशीत एक आकडा पुढे आला आणि तो आजही या क्षेत्रातल्या जवळपास प्रत्येक प्रशिक्षणात सांगितला जातो. स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत या दोघांसमोर २७५ अलार्म आले होते. म्हणजे साधारण दर दोन-अडीच सेकंदांना एक.

म्हणजे अलार्म वाजलेच नाहीत म्हणून हा घोळ झाला नाही, उलट ते वाजायचे थांबतच नव्हते. यालाच 'अलार्म फ्लड' म्हणतात, म्हणजे अलार्मचा पूर. हा पूर येतो कुठून आणि त्याला बांध कसा घालतात, हे याच घटनेच्या आधारानं समजून घेऊया.

मिलफर्ड हेवनमध्ये त्या दिवशी नेमकं काय झालं?

सुरुवात सकाळी झाली. वादळ होतं, विजा पडत होत्या. विजेमुळे कच्चं तेल वेगळं करणाऱ्या युनिटला आग लागली आणि वीजपुरवठ्यातही गडबड झाली. त्यामुळे रिफायनरीतली बाकीची युनिट्स बंद करण्यात आली, पण एक युनिट चालूच ठेवलं गेलं. त्याचं नाव कॅटॅलिटिक क्रॅकर. जड तेल तोडून त्यातून पेट्रोल आणि गॅससारखे हलके पदार्थ काढायचं काम हे युनिट करतं.

या युनिटमध्ये 'डिब्युटनायझर' नावाचा एक उंच टॉवर असतो. त्यात गरम द्रव येतो, ब्युटेनसारखे हलके घटक वरून निघतात आणि उरलेला जड द्रव खालच्या व्हॉल्व्हमधून पुढच्या टॉवरकडे जातो. सकाळच्या गडबडीत हा खालचा व्हॉल्व्ह बंद झाला होता. नंतर प्रवाह पूर्ववत झाला, पण व्हॉल्व्ह काही उघडला नाही. पडद्यावर मात्र तो उघडा दिसत होता.

इथंच सगळी गोम होती. टॉवरमध्ये द्रव येत होता, पण खालून बाहेर जात नव्हता. टॉवर भरत गेला, दाब वाढला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून आतला माल 'फ्लेअर'कडे जाऊ लागला. रिफायनरीच्या उंच चिमणीवर जळत असलेली ज्योत तुम्ही पाहिली असेल, तीच ही फ्लेअर. नको असलेला गॅस तिथं सुरक्षितपणे जाळून टाकतात. पण द्रव तिथं पोचता कामा नये, म्हणून वाटेत एक मोठी टाकी असते. तिला 'नॉकआऊट ड्रम' म्हणतात. गॅसबरोबर आलेला द्रव या टाकीत खाली बसतो आणि फक्त गॅस पुढे जातो.

दाब कमी करायला ऑपरेटरनी टॉवरच्या वरचा गॅस दुसऱ्या वाटेनं कॉम्प्रेसरकडे वळवला. तिथंही द्रव पोचला आणि कॉम्प्रेसर ट्रिप झाला. त्यामुळे फ्लेअरकडे जाणारा माल आणखी वाढला. शेवटी नॉकआऊट ड्रम काठोकाठ भरला आणि द्रव पुढच्या पाइपमध्ये शिरला. तो पाइप गॅससाठी बनवलेला होता, द्रवासाठी नाही, आणि त्याचं एक वळण आधीच गंजून कमकुवत झालेलं होतं. ते तुटलं. सुमारे २० टन ज्वलनशील हायड्रोकार्बन बाहेर पडलं, त्याचा ढग पसरला आणि त्यानं पेट घेतला.

२६ जणांना किरकोळ इजा झाली, मृत्यू मात्र कुणाचाही झाला नाही. रविवार असल्यामुळे आवारात माणसं कमी होती, हे नशीबच. प्लांटच्या नुकसानीचा आकडा सुमारे ४ कोटी ८० लाख पौंडांवर गेला.

पाच तास होते, मग कुणाला कळलं कसं नाही?

सकाळची वीज आणि दुपारचा स्फोट यांच्यामध्ये जवळपास पाच तासांचं अंतर होतं. एका टॉवरमध्ये माल जातोय आणि खालून बाहेर येत नाहीये, एवढंच ओळखायचं होतं. तरीही ते हातातून निसटलं.

ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागानं, म्हणजे एचएसईनं, याची चौकशी केली. ड्रमनंतरचा गंजलेला पाइप आणि ड्रममधला द्रव उपसण्याच्या व्यवस्थेत आधी केलेला बदल, अशी यांत्रिक कारणं त्यात होतीच. पण त्याच्या जोडीला कंट्रोल रूमबद्दल तीन ठपके होते. पहिला, अलार्म फार होते आणि त्यांचा महत्त्वाचा क्रम नीट लावलेला नव्हता. दुसरा, पडद्यांवरून संपूर्ण प्लांटचं चित्र एका नजरेत दिसत नव्हतं. तिसरा, इतका वेळ चाललेली बिघाडाची परिस्थिती कशी हाताळायची, याचं पुरेसं प्रशिक्षण ऑपरेटरना नव्हतं.

पहिल्या ठपक्याचा अर्थ एका आकड्यातून कळतो. त्या प्लांटच्या यंत्रणेत दोन हजारांहून जास्त अलार्म होते आणि त्यातल्या तब्बल ८७ टक्क्यांना 'हाय प्रायॉरिटी' दिलेली होती.

जरा विचार करा. वर्गातल्या १०० पैकी ८७ मुलांना पहिला नंबर दिला, तर पहिल्या नंबरला अर्थ काय राहिला? ऑपरेटरसमोर आलेला जवळजवळ प्रत्येक अलार्म 'हे सगळ्यात महत्त्वाचं' असंच सांगत होता. त्यामुळे नॉकआऊट ड्रम भरल्याचा अलार्म आणि एखाद्या पंपाचा किरकोळ अलार्म, दोन्ही एकाच रांगेत, एकाच थाटात उभे होते.

आणि अशा वेळी माणूस काय करतो? तो अलार्म वाचणं सोडून देतो. आवाज बंद करण्यासाठी फक्त बटण दाबत राहतो. यात आळस नाही. दोन सेकंदांत एक ओळ वाचून, समजून, निर्णय घेऊन कृती करणं कुणालाच शक्य नसतं.

असं पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघातात सुरुवातीच्या मिनिटांतच शंभराहून जास्त अलार्म वाजले होते. तिथंही एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता आणि पॅनलवरचा दिवा तो बंद झाल्याचं सुचवत होता.

पण इतके अलार्म लावले कुणी?

गंमत म्हणजे, कुणी एकानं बसून लावले नव्हते. ते साचत गेले.

पूर्वीच्या कंट्रोल रूममध्ये भिंतभर पॅनल असायचं. एक अलार्म वाढवायचा म्हणजे प्लांटपासून वायर ओढा, पॅनलवर नवीन दिवा बसवा, त्याच्यावर नाव कोरा. खर्च होता आणि जागाही मोजकीच होती. म्हणून 'हा अलार्म खरंच हवाय का?' हा प्रश्न आपोआप विचारला जायचा.

मग कॉम्प्युटरवर चालणारी नियंत्रण यंत्रणा आली. प्लांटमधली मंडळी तिला डीसीएस म्हणतात. यात प्रत्येक मोजमापाला, मग तो दाब असो, तापमान असो की पातळी, अलार्म जोडता येतो आणि तोही जवळपास फुकटात. एकाच मोजमापाला 'कमी', 'फार कमी', 'जास्त', 'फार जास्त' असे चार अलार्म लावता येतात. सेन्सर बिघडला तर पाचवा. लावायला एक मिनिट पुरतं, त्यामुळे नको म्हणायला कुणालाच कारण उरलं नाही.

त्यात धोक्यांचा आढावा घेणाऱ्या बैठका. एखादा धोका सापडला की सगळ्यात सोपा उपाय काय, तर 'इथं एक अलार्म लावू'. कागदावर काम पूर्ण होतं. पण तो अलार्म वाजल्यावर ऑपरेटरनं करायचं काय, हे तिथं लिहिलेलं नसतं.

रोजच्या शांत दिवसात हे खपून जातं. खरी परीक्षा होते बिघाडाच्या वेळी. समजा एक मोठा पंप बंद पडला. लगेच प्रवाह कमी झाल्याचा अलार्म येतो. मग पंपानंतरचा दाब कमी झाल्याचा, मागच्या टाकीची पातळी वाढल्याचा, पुढच्या टाकीची घटल्याचा, हीटरचं तापमान चढल्याचा. घटना एकच, पण तिचे पडसाद वीस. आणि बहुतेक वेळा मूळ कारणाचा अलार्म या वीसांच्या गर्दीत कुठेतरी तळाशी ढकलला गेलेला असतो.

किती अलार्म आले की 'पूर' म्हणायचं?

याचं उत्तर आज मोजमापात दिलं जातं. मिलफर्ड हेवननंतर काही वर्षांनी, १९९९ मध्ये, ब्रिटनमधल्या ईईएमयूए या उद्योगसंस्थेनं 'ईईएमयूए १९१' ही मार्गदर्शिका काढली. २००९ मध्ये अमेरिकेतून 'आयएसए १८.२' हे मानक आलं आणि २०१४ मध्ये 'आयईसी ६२६८२' हे आंतरराष्ट्रीय मानक.

यांचा हिशेब माणसापासून सुरू होतो, यंत्रापासून नाही. एक ऑपरेटर दहा मिनिटांत किती अलार्म नीट हाताळू शकतो? प्लांट शांत चालू असताना दहा मिनिटांत एक अलार्म हे प्रमाण ठीक मानलं जातं. दर मिनिटाला एकापेक्षा जास्त येत असतील, तर ती परिस्थिती स्वीकारण्यासारखी नाही.

बिघाडाच्या वेळी थोडी सूट मिळते. पहिल्या दहा मिनिटांत दहापेक्षा कमी अलार्म आले तर ते सांभाळता येतात. दहा मिनिटांत एका ऑपरेटरसमोर दहाहून जास्त अलार्म आले, की तिथून पूर सुरू झाला असं धरतात आणि हा आकडा पाचाच्या खाली आला की पूर ओसरला असं म्हणतात. शंभरच्या वर गेलं की ते हाताबाहेरचं.

आता या पट्टीवर २७५ ठेवून बघा. दोन ऑपरेटरमध्ये वाटून घेतले तरी प्रत्येकाच्या वाट्याला ११ मिनिटांत १३७ अलार्म येतात.

उपाय क्रमांक एक: अलार्म कशाला म्हणायचं ते ठरवा

अलार्म कमी करायचे म्हणजे सरसकट निम्मे काढून टाकायचे, असं होत नाही. त्यासाठी 'अलार्म रॅशनलायझेशन' करतात. सोप्या शब्दांत, प्रत्येक अलार्मला समोर उभं करून त्याच्या असण्याचं कारण विचारायचं.

हे काम एका खोलीत बसून होतं. रोज पॅनलवर बसणारा अनुभवी ऑपरेटर, प्रोसेस इंजिनिअर, नियंत्रण यंत्रणेचा इंजिनिअर आणि सुरक्षा विभागातलं कुणीतरी, अशी मंडळी एकत्र बसतात. हजारो अलार्मची यादी समोर असते आणि एकेक ओळ घेतली जाते. त्यामुळे हे काम आठवडे, कधी महिने चालतं.

प्रश्न मोजकेच असतात. हा अलार्म वाजला म्हणजे काहीतरी बिघडलंय का? त्यावर ऑपरेटरनं काही करायला हवं का? नक्की काय? त्यानं काहीच केलं नाही तर काय होईल? आणि त्याच्या हातात किती वेळ आहे?

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात धारदार आहे. मानकांनुसार अलार्म तोच, ज्याला वेळेत प्रतिसाद द्यावा लागतो. ऑपरेटरनं करण्यासारखं काही नसेल, तर तो अलार्म नाही. 'पंप सुरू झाला' ही माहिती आहे, ती नोंदवहीत जावी. पंप ऑपरेटरनं स्वतःच बंद केला असेल, तर 'पंप बंद झाला' हे त्याला ओरडून सांगण्यात काही अर्थ नाही. दोन अलार्म वाजल्यावर एकच कृती करायची असेल, तर त्यातला एक पुरतो.

पण या चाळणीतून कधी कधी नवीन अलार्मही जन्माला येतो. मिलफर्ड हेवनसारखा टॉवर घ्या. व्हॉल्व्ह पडद्यावर उघडा दिसतोय, पण त्यातून प्रवाह शून्य आहे. या विसंगतीवर एक अलार्म असेल, तर तो थेट मूळ कारणावर बोट ठेवतो. रॅशनलायझेशनचा हेतू शांतता नाही, नेमकेपणा आहे.

उपाय क्रमांक दोन: अलार्म कधी वाजावा, ते गणितानं ठरवा

कोणत्या आकड्याला अलार्म वाजणार, त्याला सेटपॉइंट म्हणतात. बऱ्याच ठिकाणी तो सवयीनं ठरतो. 'जास्त'साठी ८५ टक्के, 'फार जास्त'साठी ९० टक्के, झालं. पण हे उलट्या दिशेनं मोजायला हवं. ते कसं, हे एका कल्पित टॉवरच्या उदाहरणावरून बघू.

समजा, टॉवरच्या तळाची पातळी एरवी ५० टक्के असते आणि ९० टक्क्यांना द्रव जिथं जाऊ नये तिथं जायला लागतो. बाहेरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद पडला तर पातळी मिनिटाला २ टक्क्यांनी वाढते. आता ऑपरेटरला किती वेळ लागेल? अलार्म बघून काय झालंय ते समजायला ३ मिनिटं. वॉकीटॉकीवरून फील्ड ऑपरेटरला सांगून, त्यानं व्हॉल्व्हपाशी जाऊन बघायला ७ मिनिटं. आत येणारा प्रवाह कमी करून पातळी थांबायला आणखी २ मिनिटं. एकूण १२ मिनिटं.

१२ मिनिटांत पातळी २४ टक्क्यांनी वाढेल. ९० मधून २४ वजा केले की उरतात ६६. म्हणजे अलार्म ६५ टक्क्यांच्या आसपास वाजायला हवा. सवयीनं ठेवलेल्या ८५ टक्क्यांना वाजला, तर हातात फक्त अडीच मिनिटं उरतात. फील्ड ऑपरेटर व्हॉल्व्हपर्यंत पोचायच्या आतच खेळ खलास.

मग ५५ टक्क्यांनाच का वाजवू नये? कारण रोजच्या कामात पातळी ४५ ते ५८ टक्क्यांत वरखाली होत असेल, तर तो अलार्म दिवसातून कितीतरी वेळा उगाच वाजेल आणि काही दिवसांत सगळे त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतील. लांडगा आला रे आला, हीच गोष्ट.

असाच एक त्रास म्हणजे सेटपॉइंटच्या काठावर थरथरणारा अलार्म. पातळी ६५.१ झाली की वाजतो, ६४.९ झाली की थांबतो, पुन्हा ६५.१ झाली की पुन्हा वाजतो. असा एकच अलार्म तासाभरात शेकडो नोंदी करू शकतो. त्यावरचा उपाय साधा आहे. वाजताना ६५ ला वाजू द्या, पण पातळी ६२ च्या खाली आल्याशिवाय 'सगळं ठीक' म्हणू नका. या फरकाला डेडबँड म्हणतात. बहुतेक प्लांटमध्ये एकूण अलार्मपैकी मोठा वाटा असे मोजकेच त्रासदायक अलार्म उचलतात. म्हणून साफसफाई सुरू करताना आधी सगळ्यात जास्त वाजणाऱ्या दहा अलार्मची यादी काढतात.

उपाय क्रमांक तीन: प्राधान्य दोन प्रश्नांवरून ठरवा

आता जे अलार्म उरले, त्यांचा क्रम. इथं 'मला हा महत्त्वाचा वाटतो' हे चालत नाही, कारण प्रत्येक विभागाला आपलाच अलार्म महत्त्वाचा वाटतो. ८७ टक्क्यांची वाट इथूनच सुरू होते. म्हणून दोनच गोष्टी बघतात: काहीच केलं नाही तर नुकसान किती, आणि करायला वेळ किती. त्याचा एक तक्ता प्लांट आधीच ठरवून ठेवतो. तो साधारण असा दिसतो:

| हातातला वेळ | किरकोळ नुकसान | मध्यम नुकसान | गंभीर नुकसान |
|---|---|---|---|
| ३० मिनिटांपर्यंत | कमी | कमी | मध्यम |
| १० मिनिटांपर्यंत | कमी | मध्यम | उच्च |
| ३ मिनिटांपर्यंत | मध्यम | उच्च | उच्च |

वेळ का मोजायची? कारण प्राधान्याचा खरा उपयोग एकच आहे: एका वेळी पाच अलार्म आले तर आधी कोणता घ्यायचा, हे ऑपरेटरला सांगणं. नुकसान मोठं असलं तरी हातात अर्धा तास असेल, तर तो अलार्म तीन मिनिटांवाल्याच्या मागे थांबू शकतो.

सगळी यादी या तक्त्यातून गेल्यावर साधारण ८० टक्के अलार्म 'कमी', १५ टक्के 'मध्यम' आणि ५ टक्के 'उच्च' असावेत, असं मानकं सुचवतात. 'उच्च' अलार्म क्वचित वाजतो, म्हणूनच तो वाजला की माणूस हातातलं काम सोडून वळतो.

उपाय क्रमांक चार: पुराच्या वेळी पडसाद दाबा

इथपर्यंतचं काम केलं की शांत दिवस खरोखर शांत होतात. पण पूर मात्र तेवढ्यानं थांबत नाही, आणि अनेक प्लांट इथंच फसतात. कारण प्रत्येक अलार्म स्वतंत्रपणे बरोबर असला, तरी पंप बंद पडल्यावर ते वीसही अलार्म खरेच असतात.

म्हणून अलार्मला प्लांटची अवस्था कळावी लागते. कॉम्प्रेसर चालू असताना त्याचा दाब कमी होणं ही बातमी आहे. कॉम्प्रेसर बंद असताना दाब कमी असणं ही बातमी नाही, ते तर असणारच. त्यामुळे यंत्रणेला आधीच शिकवून ठेवतात: कॉम्प्रेसर ट्रिप झाला की 'कॉम्प्रेसर ट्रिप' हा एक अलार्म दाखव आणि त्याच्यामुळेच येणारे ठरावीक अलार्म आपोआप दाबून ठेव. तो पुन्हा सुरू झाला की ते परत चालू कर.

ऑपरेटरलाही एक सोय दिली जाते. सेन्सर बिघडल्यामुळे एखादा अलार्म सारखा वाजत असेल, तर तो काही वेळापुरता बाजूला ठेवता येतो. याला शेल्व्हिंग म्हणतात. फोनवरचा ग्रुप 'आठ तास म्यूट' करावा तसंच. इथंही वेळ संपली की अलार्म आपोआप परत येतो, फरक एवढाच की काय बाजूला ठेवलंय याची यादी सतत समोर दिसते आणि शिफ्ट बदलताना ती पुढच्या माणसाला सांगावी लागते.

यात धोका नाही का?

आहे, आणि तो खराखुरा आहे. दाबलेल्या अलार्ममध्ये एखादा महत्त्वाचा अलार्म अडकला तर? टॉवर बंद असतानाही त्यात द्रव भरू शकतो, मग 'टॉवर बंद' म्हणून त्याच्या पातळीचा अलार्मही दाबला तर मिलफर्ड हेवनचाच धडा उलटा गिरवल्यासारखं होईल. त्यामुळे अवस्थेनुसार दाबायच्या अलार्मची यादीसुद्धा त्याच खोलीत, एकेक ओळ तपासून ठरते. कोण, कधी, कशासाठी बदलणार याचे नियम लिहिलेले असतात. रात्री दोन वाजता वैतागून कुणी सेटपॉइंट बदलायचा आणि सकाळी विसरून जायचं, असं होऊ नये म्हणून प्रत्येक बदलाला मंजुरी आणि नोंद लागते. नाहीतर स्वच्छ केलेली यादी काही वर्षांत पुन्हा जशीच्या तशी भरते.

दुसरी मर्यादा अशी की अलार्म माणसाला जागं करतो, चित्र दाखवत नाही. त्या दिवशी ऑपरेटर एकेका भागाच्या पडद्यावर लक्षणांशी झुंजत होते. एका टॉवरमध्ये किती आत गेलं आणि किती बाहेर आलं, हे एकत्र दाखवणारा पडदा समोर असता, तर अलार्म न वाजताही गोंधळ दिसला असता. म्हणून एचएसईनं अलार्मच्या सुधारणेबरोबर असा सगळा हिशेब एका नजरेत दाखवणारे पडदे आणि लांबलेल्या बिघाडात युनिट चालू ठेवायचं की बंद करायचं, याचं प्रशिक्षण या दोन्हींवर भर दिला.

आणि तिसरी मर्यादा. ज्या धोक्यात हातात एखादंच मिनिट असतं, तिथं अलार्मच्या भरवशावर राहायचंच नसतं. तिथं माणसाची वाट न बघता प्लांट आपोआप बंद करणारी वेगळी सुरक्षा यंत्रणा लागते.

मग एखाद्या कंट्रोल रूमची तब्येत कशी ओळखायची?

दोन-तीन खुणा पुरतात. सगळं सुरळीत चालू असतानाही पडद्यावर जुने अलार्म दिवसेंदिवस लाल दिसत असतील, तर ते कुणी वाचत नाही. ऑपरेटर बोलता बोलता, पडद्याकडे न बघता बटण दाबून आवाज बंद करत असेल, तर त्याला यंत्रणेनंच ते शिकवलंय. आणि एखाद्या अलार्मवर बोट ठेवून 'हा वाजला तर काय करता?' असं विचारल्यावर 'काही नाही, तो वाजतोच' असं उत्तर आलं, तर रॅशनलायझेशनच्या यादीतली पहिली ओळ सापडली म्हणून समजा.